चार हप्त्यांची उधारी: बिनव्याजी, पण कधीपर्यंत?

“चार हप्त्यांत घेतलं की व्याज शून्य, म्हणजे उधारी फुकटच. हप्ता चुकला तरी दंड किरकोळच असतो.”

पहिलं वाक्य वेळेवर भरणाऱ्यासाठी खरं आहे, दुसरं मात्र फसवं आहे. ऑस्ट्रेलियात ही पद्धत जोरात चालते, म्हणून तिथलं उदाहरण घेऊ. 160 डॉलरचे बूट घेतले. 40 डॉलर दुकानातच द्यायचे, उरलेले तीन हप्ते दर दोन आठवड्यांनी. म्हणजे खरी उधारी 160 ची नाहीच. दोन आठवडे 120, मग दोन आठवडे 80 आणि शेवटचे दोन आठवडे 40. सरासरी 80 डॉलर, तेही फक्त सहा आठवडे.

आता शेवटचा हप्ता आठवडाभर लांबला आणि समजा 10 डॉलर दंड लागला. बुटांच्या किमतीशी ताडलं तर तो सव्वासहा टक्के, म्हणून किरकोळ वाटतो. पण वापरलेल्या पैशांवर आणि मुदतीवर मोजला, तर वर्षाला सुमारे 100 टक्के व्याज होतं! वर्षाला 20 टक्के आकारणाऱ्या क्रेडिट कार्डावर एवढीच उधारी जेमतेम 2 डॉलरला पडली असती.

खरेदी लहान असेल तर हा आकडा आणखी फुगतो, कारण ठरावीक रकमेचा दंड खरेदीबरोबर घटत नाही. काही कंपन्या दंडाला कमाल मर्यादा घालतात. ती अटींमध्ये आधी शोधावी. शिवाय हप्ता बहुधा कार्डावरून आपोआप कापला जातो, त्यामुळे चूक विसरण्यापेक्षा खात्यात शिल्लक नसल्यानेच जास्त होते. पगार महिन्याने आणि हप्ता पंधरवड्याने असेल, तर मधला हप्ता नेमका महिनाअखेरीस येऊ शकतो.