दातांवरील प्लाक आणि कीड लागण्याची सुरुवात

प्लाक म्हणजे दातांवर साचणारा जिवाणूंचा मऊ, चिकट लेप. त्याची रचना थराथरांची असते. काडीने दाढेच्या कडेला, हिरडीलगत खरवडले की पांढरट-पिवळसर मळ निघतो, तो हाच. ती अन्नाची शिते नसतात. पाण्याने खळखळून चूळ भरली तर शिते निघून जातात, पण हा लेप तसाच राहतो. शास्त्रज्ञ अशा लेपाला बायोफिल्म म्हणतात. एखाद्या पृष्ठभागाला घट्ट धरून, स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात रुतून राहणारी ही जिवाणूंची वस्ती असते. दात किडायला सुरुवात होते ती या लेपाच्या खाली, लेप आणि दात जिथे भिडतात त्या जागी.

दात कितीही स्वच्छ घासला तरी काही मिनिटांतच त्यावर लाळेतील प्रथिनांचा एक अतिपातळ पापुद्रा बसतो. यात जिवाणू नसतात आणि तो दाताचे थोडेफार रक्षणही करतो. मात्र जिवाणूंना पाय रोवायला जागा त्यावरच मिळते. पुढच्या काही तासांत स्ट्रेप्टोकोकस सँग्विनिस, स्ट्रेप्टोकोकस ओरॅलिस यांसारखे गोल जिवाणू त्याला चिकटतात. दातावर थेट बसू न शकणारे जिवाणू या पहिल्या मंडळींना धरून बसतात. फ्यूसोबॅक्टेरियम हा लांबट जिवाणू अनेक जातींना एकमेकींशी जोडतो, त्यामुळे थरावर थर चढत जातो. लेप जुना होतो तसा तळाशी प्राणवायू कमी पोहोचतो आणि प्राणवायूविना जगणाऱ्यांची संख्या वाढते. म्हणजे एकाच दातावर, अगदी पातळ थरात, वरचे आणि तळाचे हवामान वेगळे असते. निरोगी तोंडातही प्लाक असतोच आणि त्यातले बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असतात. सँग्विनिससारखे काही तर लाळेतील आर्जिनिनपासून अमोनिया तयार करून आम्ल कमी करतात. बिघाड होतो तो साखर वारंवार येऊ लागल्यावर.

साखर आली की जिवाणू ती आंबवतात. ग्लुकोजच्या एका रेणूचे विघटन करून त्यांना थोडी ऊर्जा मिळते आणि मागे प्रामुख्याने लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू उरतात. हे आम्ल त्यांच्या दृष्टीने टाकाऊ असते, ते बाहेर सोडले जाते. यात स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा जिवाणू दोन कारणांनी वरचढ ठरतो. पहिले म्हणजे, बाकीच्यांचे काम मंदावेल इतक्या आम्लातही तो साखर आंबवत राहतो. दुसरे कारण सुक्रोजशी, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेशी आणि उसाशी जोडलेले आहे. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एका बंधाने जोडलेले असतात. म्यूटन्सची विकरे तो बंध तोडतात, त्यातल्या ऊर्जेवर ग्लुकोजच्या लांब साखळ्या विणतात आणि पाण्यात न विरघळणारे चिकट ग्लुकान बनवतात. या ग्लुकानमुळे लेप दाताला घट्ट चिकटतो, जाड होतो आणि आत तयार झालेले आम्ल लाळेकडे जायला अडखळते.

तासगावचे बेदाणे आणि उसाचा गूळ दोन्ही गोडच, पण प्लाकमध्ये त्यांचा परिणाम सारखा नसतो. बेदाण्यातली साखर बहुतांशी सुटे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते. तिच्यापासून आम्ल होते आणि बेदाणे दाढेच्या खाचांत चिकटून बसले तर ते बराच वेळ होत राहते. मात्र तिच्यात तो ऊर्जेचा बंध नसल्याने ग्लुकान फारसे तयार होत नाही. गुळाचा मोठा हिस्सा सुक्रोजच असतो, त्यामुळे आम्लही होते आणि लेपही पक्का होतो. गूळ नैसर्गिक असतो म्हणून दातांना चालतो, ही कऱ्हाड-वाळव्याकडे सहज ऐकू येणारी समजूत म्यूटन्सच्या बाबतीत टिकत नाही. गुळात लोह असते हे खरे, पण या प्रक्रियेत त्याने फरक पडत नाही.

आम्लाचा दातावर परिणाम मोजायचा तर सामू (पीएच) पाहावा लागतो. सामू 7 असला की द्रव ना आम्ल ना अल्क, त्याखाली उतरू लागला की आम्लता वाढते. एनॅमल हे दाताचे पांढरे कवच कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचे असते. लाळेत हीच खनिजे पुरेशी विरघळलेली असतात, म्हणून साध्या स्थितीत एनॅमल टिकून राहते. प्लाकमधला सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की पारडे उलटते आणि स्फटिकांतून कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडू लागतात. 5.5 ही सर्वांना सारखी लागू पडणारी काटेकोर रेषा नाही, लाळेत ही खनिजे किती आहेत त्यावर ती थोडी वर-खाली सरकते. रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात तोंडातल्या प्लाकलाच अँटिमनीचे बारीक इलेक्ट्रोड लावून हा बदल मोजला. ग्लुकोजच्या द्रावणाने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच सामू झपाट्याने घसरला. पूर्वपदावर यायला मात्र अर्धा ते एक तास, कधी त्याहून अधिक लागला. घसरण वेगाची आणि सावरणे संथ, हा फरकच महत्त्वाचा आहे. लाळेतील बायकार्बोनेट आम्ल हळूहळू निष्प्रभ करते, पण आधी ते लेपाच्या तळापर्यंत पोहोचायला हवे.

त्यामुळे किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे दातांच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरते. कृष्णाकाठच्या एखाद्या गुऱ्हाळाचा हिशोब मांडून पाहू. हंगामात काहिलीजवळ दिवसभर राबणारे दोन गडी घेऊ. दोघेही दिवसाला साधारण साठ ग्रॅम गूळ खातात. पहिला दुपारी आणि रात्री जेवताना भाकरीबरोबर निम्मा-निम्मा खातो. दुसरा काहिलीतून उतरलेला गरम गूळ येता-जाता तोंडात टाकतो, असे दिवसातून दहा वेळा. प्रत्येक वेळी प्लाक साधारण चाळीस मिनिटे धोक्याच्या पातळीखाली राहतो असे धरले, तर पहिल्याचे दात 80 मिनिटे आम्लात असतात. दुसऱ्याचे 400 मिनिटे, म्हणजे साडेसहा तासांहून अधिक. चहा यात धरलेलाच नाही. हे आकडे अंदाजाचे आहेत, कारण प्लाक किती जाड आणि लाळ किती यावर ते बदलतात. तरीही गूळ तेवढाच असून वेळ पाचपट होते. शिवाय दुसरा गडी चुलवाणाच्या धगीला बसणारा असेल तर घामाने अंगातले पाणी कमी होते, तोंड कोरडे पडते आणि लाळ घटते. मग चाळीस मिनिटांचा काळ आणखी लांबतो. अशा कामात अधूनमधून पाणी पिण्याचा फायदा दातांनाही होतो, आणि ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

वारंवार आम्ल झाले की प्लाकमधली लोकसंख्याही बदलते. आम्लात न टिकणाऱ्या जाती मागे पडतात, म्यूटन्स आणि लॅक्टोबॅसिलस वाढतात. त्यामुळे तेवढ्याच साखरेतून पूर्वीपेक्षा जास्त आम्ल होऊ लागते. काही जिवाणू साखर मुबलक असताना तिचा साठा पेशीत करून ठेवतात आणि तोंडात काही नसतानाही त्यातून आम्ल बनवत राहतात. म्हणून रात्रीचा शेवटचा गोड घास सर्वांत महागात पडतो. झोपेत लाळ अगदी कमी सुटते आणि आम्ल धुवून काढणारे काही उरत नाही.

दातात सुरुवातीला जे घडते ते डोळ्यांना चकवते. खनिजे आधी पृष्ठभागाखालून निघून जातात, वरचा पातळ थर मात्र बराचसा शाबूत राहतो, कारण बाहेर पडणारी खनिजे तिथे पुन्हा जमतात आणि लाळही मदत करते. वाळवी लागलेल्या चौकटीसारखा हा प्रकार असतो, वरून रंग नीट आणि आत पोकळ. बाहेर दिसते ते हिरडीच्या कडेने किंवा खाचेत खडूसारखे पांढरे, निस्तेज पट्टे. दात ओला असताना ते लपतात, कापसाने पुसून कोरडा केला की उठून दिसतात. अशा पहिल्या अवस्थेत कीड एनॅमलमध्ये वरवरच असते. ओल्या दातावरही पट्टा दिसू लागला तर ती अधिक खोल गेलेली असते. दातांचे डॉक्टर हवा मारून दात कोरडा करतात ते यासाठीच. टोकदार सळईने अशी जागा दाबून पाहणे आता टाळतात, कारण तो शाबूत थर फुटला तर आतली पोकळी उघडी पडते.

हे किती लवकर होते, याचे उत्तर 1970 साली फॉन डेर फेर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने दिले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी 23 दिवस दात घासले नाहीत, आणि त्यातल्या काहींनी दिवसातून नऊ वेळा साखरेच्या दाट द्रावणाने चूळ भरली. साखरेच्या गटात एनॅमलवर सुरुवातीचे पांढरे डाग स्पष्ट वाढले. नंतर घासणे आणि फ्लोराइडच्या गुळण्या सुरू केल्यावर ते मागे हटले. सुरुवातीची कीड उलटवता येते, हे यातून दिसते. लेप रोज निघाला आणि आम्लाच्या फेऱ्या कमी झाल्या की लाळेतले कॅल्शियम व फॉस्फेट परत स्फटिकांत बसतात. फ्लोराइडमुळे ते बसणे सोपे होते आणि तयार होणारा स्फटिक आम्लापुढे आधीच्यापेक्षा अधिक टिकतो. म्हणून 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट घासून थुंकावी, पण लगेच भरपूर पाण्याने धुवून टाकू नये. मिश्री लावल्याने दात घासल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात तिच्यात फ्लोराइड नसते, तंबाखू असतो, आणि दोन दाढांमधला लेप ती काढत नाही.

वरचा थर एकदा खचून खड्डा पडला की प्लाक आत आसरा घेतो. ब्रशचे केस तिथे पोहोचत नाहीत, लाळही नीट पोहोचत नाही, आणि कीड एनॅमलखालच्या मऊ थराकडे, म्हणजे डेंटिनकडे सरकते. मग सिमेंट किंवा चांदी भरण्याची वेळ येते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातून अळ्या काढण्याचा प्रकार काही ठिकाणी अजून चालतो. दातात अळी नसतेच. जिवाणूंनी साखरेपासून केलेल्या आम्लाने दात किडतो, हे विलोबी मिलर यांनी 1890 मध्येच मांडले होते.

वयस्कर माणसांत याची आणखी एक बाजू असते. हिरडी खाली सरकली की मुळाचा भाग उघडा पडतो. तिथे एनॅमल नसते आणि मुळाची खनिजे सामू साधारण 6.2 ते 6.4 वर आला तरी विरघळू लागतात. म्हणजे तरुणाच्या दाढेला चालून जाईल अशी सौम्य घसरणही आजोबांच्या दाताच्या मुळाला बाधते. रक्तदाबाच्या किंवा इतर काही औषधांनी तोंड कोरडे पडत असेल, आणि अर्धा कप गोड चहा तासभर घोट घोट चालत असेल, तर हिरडीलगतचा पिवळसर, मऊ पडलेला भाग दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवून घ्यावा.