स्प्रेडशीटमधील मिश्र तारखांचे एकरूपीकरण

स्प्रेडशीटच्या एकाच कॉलममध्ये वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेल्या तारखा असतील, तर प्रत्येकीचा नेमका दिवस ठरवून त्या सगळ्या एकाच पद्धतीत आणण्याचे हे काम. वरून पाहता ते सजावटीचे वाटते : कॉलम निवडा, फॉरमॅट बदला, संपले. प्रत्यक्षात फॉरमॅट बदलल्यावर अर्ध्या सेल बदलतात आणि अर्ध्या जशाच्या तशा राहतात, तेव्हा खरा प्रश्न समोर येतो. न बदललेल्या सेल उठून दिसतात, म्हणून माणूस त्यांच्यामागे लागतो. चूक मात्र बहुधा बदललेल्या सेलमध्ये असते.

स्प्रेडशीट तारीख म्हणून जे साठवते तो एक साधा आकडा असतो. एक्सेलच्या नेहमीच्या मोजणीत १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ आणि ३ एप्रिल २०२४ हा दिवस क्रमांक ४५३८५. सेलमध्ये दिसणारी तारीख ही त्या आकड्याला चढवलेली वेशभूषा. `03/04/2024` अशी अक्षरे फाईलमधून आत येतात तेव्हा प्रोग्राम त्यांचा अर्थ लावतो आणि आकडा साठवतो; मूळ अक्षरे तिथेच टाकून दिली जातात. अर्थ कसा लावायचा हे संगणकाच्या किंवा शीटच्या प्रादेशिक सेटिंगवरून ठरते. सेटिंग अमेरिकी असेल तर आधी महिना, मग दिवस. अर्थ लागलाच नाही, तर सेल साधा मजकूर म्हणून राहते.

दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहिलेली सीएसव्ही फाईल अमेरिकी सेटिंगच्या एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. `15/04/2024` मध्ये पंधरावा महिना नसतो, म्हणून ती सेल मजकूर राहते. `03/04/2024` मात्र ४ मार्च म्हणून बिनबोभाट स्वीकारली जाते. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १४४ दिवस असे आहेत की ज्यांत तारखेचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असतो. त्यांतले ४ एप्रिल, ५ मे असे बारा दिवस उलटे वाचूनही बिघडत नाहीत. उरलेले १३२ दिवस, म्हणजे वर्षाचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग, चुकीच्या दिवशी जाऊन बसतो आणि प्रोग्राम एका शब्दानेही सूचना देत नाही.

ही उलटापालट ओळखू येते. फक्त एप्रिलच्या नोंदी असलेल्या तक्त्यात १ ते १२ एप्रिल या तारखा ४ जानेवारी, ४ फेब्रुवारी, ४ मार्च अशा वर्षभर विखुरतात. दर महिन्याची चार तारीखच का, असा प्रश्न पडला की निदान झालेच. त्यातल्या काही तारखा अजून उजाडायच्याही असतात. मोठ्या तक्त्यात शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये पुढील सूत्र खालपर्यंत ओढावे :

```
=IF(ISNUMBER(A2),DAY(A2),"मजकूर")
```

या कॉलममध्ये भरपूर ‘मजकूर’ आणि बाकीचे आकडे १ ते १२ एवढेच असतील, तर फाईल चुकीच्या सेटिंगमध्ये उघडली गेली आहे. डावी-उजवी बाजू पाहण्याची जुनी युक्तीही चालते, कारण मजकूर डावीकडे चिकटतो आणि आकडा उजवीकडे. पण कोणी कॉलम मध्यभागी आणून ठेवला असेल तर ती निरुपयोगी ठरते, म्हणून `ISNUMBER` वर विसंबावे.

आता उलटलेल्या तारखा पुन्हा उलटवल्या की झाले, असे वाटते. `=DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2))` हे सूत्र तेच करते, आणि संपूर्ण फाईल एकाच पद्धतीने लिहिलेली होती याची खात्री असेल तर ते पुरतेही. मिश्र कॉलममध्ये मात्र ते घातक आहे. समजा, नमुन्यांच्या नोंदी तिघांनी केल्या आणि त्या एका फाईलमध्ये जोडल्या. अमेरिकी सेटिंगमध्ये उघडल्यावर चार ओळींचे असे होते :

| फाईलमधील अक्षरे | उघडल्यावर सेलमध्ये | निकाल |
|---|---|---|
| `03/04/2024` | ४५३५५ (४ मार्च) | चूक |
| `15/04/2024` | मजकूर | अर्थ लागला नाही |
| `2024-04-05` | ४५३८७ (५ एप्रिल) | बरोबर |
| `18.04.24` | मजकूर | अर्थ लागला नाही |

पहिली आणि तिसरी ओळ आता सारखीच दिसते : दोन्ही आकडे, दोन्हींचा फॉरमॅट एकच. वर्ष पुढे असलेली `2024-04-05` ही पद्धत आयएसओ ८६०१ या मानकातली आहे आणि ती बरोबर वाचली गेली. सगळे आकडे सरसकट उलटवले तर पहिली ओळ सुधारेल आणि तिसरी बिघडून ४ मे होईल. कोणती सेल कुठल्या रूपात आली होती याची खूण कॉलममध्ये कुठेही उरलेली नसते. म्हणून दुरुस्ती उघडलेल्या शीटवर करत बसू नये, मूळ फाईलकडे परत जावे.

मूळ फाईल पुन्हा आणताना तारखेचा कॉलम मजकूर म्हणूनच आत यायला हवा. एक्सेलमध्ये `Data` टॅबमधील `From Text/CSV` वापरावे आणि प्रकार ओळखण्याच्या यादीत `Do not detect data types` निवडावे. गूगल शीट्समध्ये फाईल आयात करताना मजकुराचे आकड्यांत व तारखांत रूपांतर करण्याची खूण काढून टाकावी. लिब्रेऑफिसमध्ये फाईल उघडताना येणाऱ्या खिडकीत त्या कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून प्रकार `Text` ठेवावा. आता A कॉलममध्ये फाईलमधली अक्षरे जशीच्या तशी आहेत. हा कॉलम शेवटपर्यंत हात न लावता ठेवावा. पुढचे सगळे काम शेजारच्या कॉलममध्ये होते.

पहिली पायरी विरामचिन्हे एक करण्याची. टिंब, आडवी रेघ आणि मोकळी जागा यांच्या जागी तिरकी रेघ घालायची. वेबपानावरून उतरवलेल्या मजकुरात एक न तुटणारी मोकळी जागा असू शकते, तिला `TRIM` ओळखत नाही. म्हणून B2 मध्ये आधी तिची विल्हेवाट लावावी लागते :

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(TRIM(
 SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," ")),".","/"),"-","/")," ","/")
```

मग तीन तुकडे. प्रत्येक तिरक्या रेघेच्या जागी वीस मोकळ्या जागा घालायच्या आणि वीस-वीस अक्षरांचे घास घ्यायचे, म्हणजे `3/4/2024` आणि `03/04/2024` दोन्ही नीट कापले जातात. C2 साठी सूत्र हे. D2 आणि E2 मध्ये `1` च्या जागी अनुक्रमे `21` आणि `41` घालावे :

```
=TRIM(MID(SUBSTITUTE($B2,"/",REPT(" ",20)),1,20))
```

तारीख जोडण्याचे सूत्र F2 मध्ये येते. पहिला तुकडा चार अक्षरी असेल तर वर्ष पुढे आहे, नाहीतर दिवस पुढे. महिना दोन्ही पद्धतींत मधोमध, D मध्येच येतो, हे सोयीचे आहे :

```
=IF(LEN(C2)=4,DATE(C2,D2,E2),
 DATE(IF(LEN(E2)=2,2000+E2,E2),D2,C2))
```

आतला `2000+E2` विसरू नये. `DATE` ला वर्ष म्हणून नुसते २४ दिले तर ते त्यात १९०० मिळवते आणि उत्तर १९२४ येते. जन्मतारखांच्या कॉलममध्ये मात्र हाच `2000` अंगाशी येईल. तिथे दोन अंकी वर्षांच्या ओळी वेगळ्या काढून शतक माणसानेच ठरवावे. महिना `Apr` असा अक्षरांत असेल तर सूत्र `#VALUE!` दाखवते. ते बरेच म्हणायचे, कारण चूक लपत नाही. बारा नावांचा छोटा तक्ता करून `VLOOKUP` ने आकडा आणला की त्या ओळीही सुटतात.

`DATE` ची खरी खोड वेगळी आहे. ते अशक्य तारीख नाकारत नाही, पुढे ढकलते. `DATE(2024,15,4)` म्हटले तर पंधरावा महिना म्हणजे पुढच्या वर्षीचा मार्च असे समजून ४ मार्च २०२५ परत येतो. ३१ एप्रिल लिहिले असेल तर १ मे. म्हणून G2 मध्ये उलट तपासणी हवीच :

```
=MONTH(F2)=VALUE(D2)
```

इथे `FALSE` आलेल्या ओळी म्हणजे महिना-आधी लिहिणाऱ्या कोणाच्या तरी नोंदी, किंवा टंकनाच्या चुका. `04/18/2024` मधला महिना इथे पकडला जातो. पण त्याच व्यक्तीने लिहिलेली `04/03/2024` पकडली जात नाही, कारण दोन्ही वाचने शक्य आहेत. कोणतेही सूत्र ही गाठ सोडवू शकत नाही. अक्षरांमध्ये ती माहितीच नाही. महिना आधी लिहिलेल्या ओळीवर एक जरी `FALSE` आला, तरी ती नोंद कुठून आली ते पाहावे. नोंद करणाऱ्याचे नाव, फाईलचा स्रोत किंवा पावतीचा चढता क्रमांक असा एखादा शेजारचा कॉलम असतोच बहुधा. क्रमांक २१७ ची तारीख १ मार्च आणि २१९ ची ५ मार्च असेल, तर २१८ ची ३ एप्रिल असण्यापेक्षा ४ मार्च असणे जास्त संभवते. असा आधार मिळाला नाही तर F रिकामे ठेवून शेजारी ‘अनिश्चित’ लिहावे. अंदाजाने भरलेली तारीख खऱ्या तारखांत मिसळली की पुन्हा सापडत नाही.

तपासणी उतरल्यावर F कॉलमची किंमत तेवढी चिकटवून, म्हणजे सूत्रे काढून, त्याला `yyyy-mm-dd` हा फॉरमॅट द्यावा. `TEXT` सूत्राने तारीख घडवण्याचा मोह होतो, पण त्यातून पुन्हा मजकूर तयार होतो आणि तारखांवर पुढचे गणित करायला गेले की अडचण सुरू. दुसऱ्या कामासाठी निव्वळ अक्षरेच हवी असतील तेवढ्यापुरते ते ठीक.

एक गोष्ट जुन्या मॅकवरच्या वर्कबुकांपुरती : त्यांत मोजणी १९०४ पासून सुरू होत असे. अशा फाईलमधून आकडे नुसते चिकटवले तर सगळ्या तारखा १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे आणि एका दिवसाने, सरकतात.

काम पूर्ण झालेला तक्ता सीएसव्ही म्हणून जतन करताना एक्सेल सेलमध्ये दिसते तेच अक्षरांत लिहिते, तेव्हा फॉरमॅट त्याआधीच लावलेला असावा. आणि सीएसव्हीत फॉरमॅट साठवला जात नाही. तीच फाईल दुसऱ्या कोणी क्लिक करून उघडली, एखादे नाव दुरुस्त केले आणि जतन केली, की तारखा त्याच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे लिहिल्या जातात आणि `2024-04-05` चे पुन्हा `4/5/2024` झालेले असते. म्हणून मूळ मजकुराचा A आणि तपासलेला F असे दोन्ही कॉलम असलेले वर्कबुक जपून ठेवावे, आणि सीएसव्ही फक्त पाठवण्यापुरती त्यातून काढावी.