बी-प्लस ट्री सगळ्या नोंदी तळाशी का ठेवते?

डेटाबेसमध्ये एक कोटी बुकिंग्ज आहेत आणि त्यातली सलग चार हजार हवी आहेत, असं धरू:

```sql
SELECT * FROM bookings
WHERE id BETWEEN 500001 AND 504000;
```

मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन डिस्कवरून एकेक नोंद उचलत नाही, एकदम 16 केबीचं अख्खं पेज आणतं. त्यामुळे खर्च मोजायचा तो किती पेजेस हाताळावी लागली यावर. एक नोंद 200 बाइटची धरली, तर एका पेजमध्ये सुमारे 80 नोंदी बसतात.

रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत असताना बी-ट्री मांडली; त्यांचा शोधनिबंध 1972 साली प्रसिद्ध झाला. तिच्यात प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे प्रत्येक पेजमध्ये, की आणि तिच्यासोबतची माहिती दोन्ही असतात. वरच्या नोडमध्येही खऱ्या नोंदी असतात. 80 नोंदींच्या नोडला 81 मुलं. या हिशेबाने एक कोटी नोंदींसाठी चार पातळ्या लागतात.

बी-प्लस ट्रीमध्ये सगळ्या नोंदी सर्वांत खालच्या थरात, म्हणजे लीफ पेजेसमध्ये असतात. वरच्या पेजेसमध्ये फक्त वाट दाखवणाऱ्या की आणि खालच्या पेजचा नंबर. एवढ्याला साधारण 16 बाइट पुरतात, म्हणून एका पेजमध्ये हजाराच्या आसपास वाटा मावतात. एक कोटी नोंदींची लीफ पेजेस सव्वा लाख, त्यांच्या वर फक्त 125 पेजेस आणि त्यांच्यावर एक मूळ पेज. पातळ्या तीनच. लीफच्या वरचा हा सगळा डोलारा दोन एमबीचा, तो सहज मेमरीत राहतो. बी-ट्रीत तोच पंचवीस एमबीच्या घरात जातो.

बी-ट्रीचा एक फायदा सांगितला जातो: हवी ती नोंद वरच्याच नोडमध्ये सापडली तर खाली उतरायला नको. खरं आहे, पण 81 नोंदींपैकी जेमतेम एक लीफच्या वर असते. बाकी सगळ्यांसाठी तळापर्यंत जावंच लागतं.

आता आपली चार हजार बुकिंग्ज घेऊ. बी-प्लस ट्रीमध्ये मूळ पेजपासून उतरत 500001 असलेलं लीफ गाठायचं, आणि तिथून पुढे वरती बघायचंच नाही. इनोडीबीच्या प्रत्येक पेजच्या हेडरमध्ये मागच्या आणि पुढच्या पेजचा नंबर लिहिलेला असतो, प्रत्येकी चार बाइट. तो नंबर धरून पुढचं लीफ, मग त्याच्या पुढचं, अशी पन्नास-एक लीफ पेजेस वाचली की काम झालं. उलट्या क्रमाने हवं असेल तर मागचा नंबर धरायचा.

मग बी-ट्रीच्या लीफनाही असेच दुवे जोडले तर? उपयोग होणार नाही. एका लीफमधल्या 80 नोंदी वाचून झाल्या की क्रमाने येणारी 81वी नोंद शेजारच्या लीफमध्ये नसते, वरच्या नोडमध्ये असते. दुवा धरून थेट शेजारी गेलात तर ती सुटते. म्हणून दर लीफनंतर वर चढायचं, एक नोंद घ्यायची आणि पुन्हा उतरायचं. सगळ्या नोंदी एका थरात आणल्या म्हणून दुव्याला अर्थ आला.

पण सगळं श्रेय दुव्यांना देणं मला बरोबर वाटत नाही. वरचा नोड एकदा मेमरीत आला की बी-ट्रीलाही चढण्या-उतरण्यासाठी डिस्क फारशी लागत नाही. एसक्यूलाइटचे टेबल तर बी-प्लस पद्धतीचे असूनही तिथे लीफना दुवे नाहीत. मुळापासून आलेली वाट लक्षात ठेवून ते शेजारचं लीफ शोधतं. खरी कमाई होते ती लीफ पेजेस डिस्कवरही एकापाठोपाठ असतात तेव्हा. इनोडीबी 64 पेजेसचा, म्हणजे एक एमबीचा गट एकत्र राखतं. त्यातली 56 पेजेस ओळीने वाचली गेली, की मूळ सेटिंगनुसार पुढचा गट मागणी येण्याआधीच आणायला घेतं.

इथेच गडबडही होते. प्रायमरी की म्हणून चढत्या नंबरऐवजी यादृच्छिक यूयूआयडी वापरला, तर नवीन नोंद कुठल्याही भरलेल्या लीफमध्ये घुसते. ते लीफ दुभंगतं आणि त्याचा नवा अर्धा भाग डिस्कवर भलतीकडेच जाऊ शकतो. दुवे अचूकच राहतात, पण ते धरून चालताना डिस्कवर उड्या माराव्या लागतात आणि आगाऊ वाचन जुळत नाही. शिवाय लीफ अर्धवट रिकामी राहतात, म्हणजे त्याच चार हजार नोंदींसाठी जास्त पेजेस. नोंदींची संख्या तेवढीच राहून टेबलाची फाइल फुगत असेल आणि रेंज क्वेरी मंदावत असेल, तर संशय इथे घ्यावा. `OPTIMIZE TABLE bookings;` चालवलं की टेबल नव्याने बांधलं जातं आणि लीफ पुन्हा बऱ्यापैकी ओळीत येतात. मात्र की यादृच्छिकच राहिली, तर नव्या नोंदी ती ओळ पुन्हा मोडतात.