फेज गेली तरी रिलेला ती दिसते कशी? थ्री फेज मॉनिटरिंग रिलेमागचा इतिहास

थ्री फेज मोटरच्या पॅनलमधला तो छोटासा रिले बघून वाटतं की याचं काम एकदम सोपं असणार, तीन वायर आल्यात, तिन्हीवर व्होल्टेज आहे का बघायचं, नसेल तर कॉन्टॅक्टर पाडायचा, संपलं. पण हा रिले आजच्या रूपात यायला कित्येक दशकं लागली, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे मोटर चालू असताना एक फेज गेली की ती गेलेली फेज मोटर स्वतःच बऱ्यापैकी परत तयार करते. हे एकदा समजलं की सेटिंग, टेस्टिंग, जोडणी सगळ्याचा अर्थ लागायला लागतो, म्हणून ते जरा सविस्तर.

सुरुवात अशी की १८८९ च्या सुमारास इंजिनिअर डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी थ्री फेजची केज रोटरवाली मोटर बनवली, आणि १८९१ ला जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफर्ट अशी सुमारे १७५ किमी लांब थ्री फेज लाइन चालवून दाखवली गेली. मोटर भलतीच मजबूत, ब्रश नाही कम्युटेटर नाही. संरक्षण म्हणजे प्रत्येक लाइनमध्ये एक फ्यूज. आणि गोची तिथेच होती, कारण शॉर्ट सर्किटपासून वाचवणारा तोच फ्यूज तिघांपैकी एकटा उडाला की मोटर दोन वायरवर राहते. म्हणजे सिंगल फेजिंग.

मोटर उभी असेल तर ती सुरूच होत नाही. दोन वायरवर फिरतं फील्ड तयार होत नाही, नुसतं जागच्या जागी कमी-जास्त होणारं फील्ड तयार होतं, मोटर गुणगुणत बसते आणि लॉक रोटरच्या करंटच्या साधारण ८७ टक्के करंट ओढत राहते. पण आधीच फिरत असेल तर फिरतच राहते! तेवढंच काम दोन वायरमधून करायचं म्हणून करंट हिशोबाने १.७३ पट होतो, प्रत्यक्षात लॉसेस धरून त्याहून जास्त. वर उलट दिशेने फिरणारं एक फील्डही तयार होतं, रोटरला ते जवळजवळ दुप्पट फ्रिक्वेन्सीचं दिसतं (५० हर्ट्झच्या सप्लायवर १०० च्या आसपास), त्यामुळे रोटरचे बार वेगळे तापतात. जळालेली मोटर उघडल्यावर ओळखता येतं, स्टार कनेक्शन असेल तर दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि एक चांगली, डेल्टा असेल तर एकाच फेजच्या काळ्या आणि बाकी दोन चांगल्या.

स्टार्टर आले तेव्हा त्यात नो व्होल्ट कॉइल आली, व्होल्टेज गेलं की स्टार्टर सुटतो. पण ही कॉइल दोनच लाइनमध्ये जोडलेली, तिसरी लाइन गेली तर तिला पत्ताच नाही. ओव्हरलोड रिलेसुद्धा बराच काळ दोनच लाइनमध्ये असायचे, कारण साधा ओव्हरलोड पकडायला दोन पुरतात. पण स्टार-डेल्टा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला एक फेज गेली तर सेकंडरीवरच्या मोटरला एका लाइनमध्ये बाकी दोन लाइनच्या दुप्पट करंट जातो, आणि ती लाइन नेमकी ओव्हरलोड नसलेली निघाली तर मोटर गेलीच. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने तिन्ही लाइनमध्ये ओव्हरलोड सक्तीचा केला तो १९७१ च्या आवृत्तीत, म्हणजे मोटर जन्मल्यावर ऐंशी एक वर्षांनी. हे मला अजूनही अस्वस्थ करतं, कारण त्या मधल्या काळात जळालेल्या कितीतरी मोटरी एका जास्तीच्या बायमेटलने वाचल्या असत्या.

व्होल्टेज बघणाऱ्या रिलेची गोष्ट जास्त सुंदर आहे. इलेक्ट्रोमेकॅनिकल काळात जो पॉलिफेज व्होल्टेज रिले आला त्यात एनर्जी मीटरसारखी अॅल्युमिनियमची डिस्क होती, तिच्यावर तिन्ही लाइनमधून घेतलेली दोन व्होल्टेज द्यायची. फेजचा क्रम बरोबर असेल तर डिस्क एका दिशेने जोर लावून कॉन्टॅक्ट धरून ठेवते, क्रम उलटला तर जोर उलट दिशेने. आणि हा जोर कशावर अवलंबून तर तीन लाइन व्होल्टेज तीन बाजू धरून जो त्रिकोण काढता येईल त्याच्या क्षेत्रफळावर. व्होल्टेज कमी झालं, त्रिकोण लहान. एक फेज पूर्ण गेली, त्रिकोण चपटा होऊन नुसती रेष उरते, क्षेत्रफळ शून्य. फेज उलटली, क्षेत्रफळ उणे. म्हणजे तिन्ही दोष एकाच मापात, एकही जास्तीचा भाग न लावता! लिफ्टसारख्या ठिकाणी जिथे मोटर उलटी फिरणं म्हणजे थेट धोका, तिथे अशा रिव्हर्स फेज रिलेची गरज उघडच होती. आजही रिलेच्या स्टँडर्ड नंबरात २७ म्हणजे अंडरव्होल्टेज, ४७ म्हणजे फेज सिक्वेन्सचा व्होल्टेज रिले आणि ४६ म्हणजे उलट किंवा असमान करंट बघणारा रिले.

पण या त्रिकोणाला एक गोष्ट दिसत नव्हती. एक उदाहरण आकड्यांत बघू. ४०० व्होल्टची मोटर, फुल लोड करंट १० अँपिअर, सध्या जवळजवळ रिकामी फिरतेय आणि ३.५ अँपिअर घेतेय. वरच्या बाजूला एका लाइनचा फ्यूज उडाला. आता रोटर तर फिरतोच आहे, त्याच्या बारमधल्या करंटमुळे फिरतं फील्ड टिकून राहतं, ते फील्ड तिसऱ्या वायंडिंगलाही कापत जातं आणि तिथे व्होल्टेज तयार होतं. रिले मोटरच्या बाजूला मोजतो तेव्हा त्याला मिळतात ४००, ३६७ आणि ३६७ व्होल्ट, नक्की आकडे मोटरच्या इम्पिडन्सप्रमाणे थोडे बदलतील पण अंदाज हाच. त्रिकोणाचं क्षेत्रफळ किती राहिलं? ८९ टक्के. अंडरव्होल्टेज ८० किंवा ८५ टक्क्यांवर सेट केलेला रिले आरामात धरून बसतो, आणि मल्टीमीटर लावणाऱ्यालाही वाटतं की सप्लाय जरा कमी-जास्त आहे एवढंच. करंट दोन लाइनमध्ये ६ अँपिअरच्या आसपास, फुल लोडच्या खाली, म्हणजे साधा ओव्हरलोडही गप्प. मोटर तशीच चालते. मग कोणीतरी ती बंद करतं, आणि सुरू व्हायच्या आधी फेज तपासणारा रिले नसेल तर पुढच्या वेळी स्टार्ट दाबल्यावर ती फक्त गुणगुणते, आणि तिथे जळू शकते.

या कोड्याचं गणित चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी सोडवलं. वेस्टिंगहाऊसमध्ये असताना १९१३ च्या शेवटी ते असमान सप्लायवर चालणाऱ्या इंडक्शन मोटरचाच अभ्यास करत होते, त्यातून १९१८ चा त्यांचा सिमेट्रिकल कंपोनंट्सचा पेपर आला. सगळ्या पॉवर सिस्टीमचा फॉल्ट हिशोब ज्यावर उभा आहे ती पद्धत मोटरच्या या प्रश्नातून जन्मली, हे फार कमी जणांना माहीत असतं. थोडक्यात सांगायचं तर कुठलीही असमान तीन व्होल्टेज म्हणजे सरळ क्रमाचा एक समान सेट अधिक उलट क्रमाचा एक समान सेट (लाइन व्होल्टेजमध्ये तिसरा, झिरो सिक्वेन्सचा भाग नसतोच). निरोगी सप्लायमध्ये उलटा, म्हणजे निगेटिव्ह सिक्वेन्स जवळपास शून्य. वरच्या उदाहरणात तो सुमारे ६ टक्के. आता ८९ टक्के आणि १०० टक्के यात फरक करणं अवघड, कारण सप्लाय एरवीही तेवढा खालीवर होतो, पण शून्य आणि ६ यातला फरक स्पष्ट दिसतो. मग रेझिस्टर आणि कॅपॅसिटर अशा जोडायच्या की सरळ क्रमाचं व्होल्टेज आपसात कटून जावं आणि उलटं तेवढं बाहेर यावं, त्याच्यावर रिले चालवायचा. याची मर्यादा म्हणजे कॅपॅसिटर फ्रिक्वेन्सीवर अवलंबून, त्यामुळे जनरेटरवर फ्रिक्वेन्सी हलली की फिल्टरमधून खोटं व्होल्टेज बाहेर येतं आणि रिले उगाच ट्रिप देतो.

मायक्रोकंट्रोलर आल्यावर हेच काम वेळ मोजून व्हायला लागलं. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंद, म्हणजे लागोपाठच्या दोन फेजमध्ये ६.६७ मिलिसेकंदाचं अंतर. हेच अंतर १३.३३ आलं तर फेज उलटी, इतकं सरळ. आपल्या उदाहरणात १२० अंशांऐवजी एके ठिकाणी ११४ येतात, वेळेत सांगायचं तर साधारण ०.३४ मिलिसेकंदाचा फरक, कंट्रोलरला तो सहज कळतो.

आता डायलवर जे असिमेट्री किंवा अनबॅलन्स लिहिलेलं असतं ते इथून आलंय. त्याचा साधा हिशोब म्हणजे सरासरीपासून सगळ्यात लांबचं व्होल्टेज किती टक्के लांब आहे. वरच्या तिन्हींची सरासरी ३७८, त्यापासून ४०० लांब २२ ने, म्हणजे ५.८ टक्के. डायल १० वर ठेवली तर रिकामी फिरणारी मोटर या रिलेला दिसणारच नाही, लोड असेल तर अनबॅलन्स १० च्या वर जातो आणि रिले पडतो. डायल ५ वर ठेवली तर पकडेल, पण सप्लायच मुळात २-३ टक्के असमान असेल तर उगाच ट्रिप यायची शक्यता वाढते. तसंही नेमा या अमेरिकेतल्या विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे ५ टक्क्यांच्या वर अनबॅलन्स असताना मोटर चालवूच नये, त्यामुळे मी ५ च्या बाजूचा आहे, सोबत दोन-तीन सेकंदाचा डिले. अंडरव्होल्टेजचा डिले मात्र मोठी मोटर स्टार्ट होताना व्होल्टेज जितका वेळ बसतं त्यापेक्षा जास्त हवा, आणि फेज उलटी असेल तर डिले नकोच, कॉन्टॅक्टर लागायलाच नको.

आणि रिले कुठे जोडलाय ते बघा. कॉन्टॅक्टरच्या वर जोडला तर सुरू व्हायच्या आधी फेज गेलेली, उलटी, कमी व्होल्टेज सगळं तपासतो, पण कॉन्टॅक्टरचा एक पोल जळाला किंवा मोटरच्या केबलची एक वायर तुटली तर त्याला काहीच कळत नाही, कारण त्याच्या जागी तिन्ही फेज छान आहेत. मोटर टर्मिनलवर दोन वायर अदलाबदल झाल्या तरी तेच. खालच्या बाजूचं तुटणं पकडायला करंट बघणारा रिले किंवा फेज फेल्युअर सेन्सिटिव्ह ओव्हरलोड लागतो. एकाच बसवर अजून मोठ्या मोटरी फिरत असतील तर त्याही गेलेली फेज भरून काढतात, तेव्हा वर जोडलेल्या रिलेलाही अनबॅलन्स कमीच दिसतो.

टेस्ट करताना बरेच जण मोटर बंद ठेवून एक फेज काढतात, रिले पडतो, आणि काम झालं म्हणतात. त्या टेस्टमध्ये त्रिकोण चपटाच असतो, कुठलाही स्वस्त रिले पास होईल. खरी टेस्ट म्हणजे मोटर रिकामी फिरत असताना, रिलेच्याही वरच्या बाजूला, एका लाइनमधला सिंगल पोल एमसीबी उघडायचा (लोडवर फ्यूज उपसायचा नाही) आणि ठरलेल्या डिलेमध्ये कॉन्टॅक्टर पडतो का बघायचं, आणि हे तिन्ही लाइनला एकेकदा करायचं.