ॲपवरची बाकी म्हणजे कर्जाचा शेवट नव्हे

‘ॲपवर दिसते तेवढी बाकी भरली की गृहकर्ज मिटलं, बँकेला पत्र कशाला?’

नाही मिटत. ॲपवर बहुधा फक्त मुद्दल दिसते. शेवटच्या हप्त्यानंतरचे रोजचे व्याज त्यात नसते. समजा, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर ६ लाख बाकी आहे, दर ९ टक्के. रोजचे व्याज सुमारे १४८ रुपये. हप्त्यानंतर सतराव्या दिवशी नुसते ६ लाख भरले, तर अंदाजे २,५१५ रुपये राहतात आणि खाते चालूच. घराची कागदपत्रेही अडकतात.

म्हणून आधी शाखेला लिहून फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज बंद करायला लागणाऱ्या एकूण रकमेचा हिशेब, मागा आणि पोच घ्या:

‘मी अमुक तारखेला कर्ज पूर्ण फेडणार आहे. त्या तारखेचे फोरक्लोजर स्टेटमेंट द्यावे. मुद्दल, व्याज, रोजचे व्याज आणि प्रत्येक शुल्क कारणासह वेगळे दाखवावे.’

नुसती ‘इतर शुल्क’ अशी ओळ आली, तर पुन्हा विचारा. व्यक्तीने घरासाठी घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर बँक मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही. रिझर्व्ह बँकेने तो २०१२ मध्येच बंद केला. फिक्स्ड दर असेल, तर मात्र करारपत्र काढून बघावे लागेल.