स्थलनाम, साधननाम व व्यवसायनाम (अरबी)

धातूची व्यंजने ठरावीक साच्यात बसवून क्रियेचे ठिकाण, क्रियेचे साधन आणि ती क्रिया पोटासाठी करणारा माणूस यांची नावे घडवण्याची अरबी भाषेतील पद्धत. धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. त्यांचा क्रम बदलत नाही. बदलतात ते मधले स्वर आणि आधी-नंतर लागणारी अक्षरे. क्-त्-ब् (लिहिणे) यावरून मक्तब, म्हणजे लिहिण्याची जागा.

स्थलनामाच्या आरंभी ‘म’ येतो. मधल्या व्यंजनाचा स्वर मात्र क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपावरून ठरतो. तेथे ‘इ’ असेल तर नामातही ‘इ’: यज्लिसु (बसतो) – मज्लिस, यन्झिलु (उतरतो) – मन्झिल. तेथे ‘अ’ किंवा ‘उ’ असेल तर नामात ‘अ’: यक्तुबु – मक्तब. कधी शेवटी स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो; द्-र्-स् (शिकणे) यावरून मद्रसा आणि क्-ब्-र् (पुरणे) यावरून मक्बरा झाले. मूळ तीन व्यंजनांत भर घालून बनलेल्या धातूंची स्थलनामे वेगळ्या रीतीने, कर्मणी धातुसाधितासारखी होतात. आपला ‘मुक्काम’ त्या वर्गातील ‘मुकाम’ वरून आला. द्वित्व त्याला मराठीत मिळाले.

या नियमाला अपवाद थोडेच, पण त्यांतला ‘मस्जिद’ (म. मशीद) सर्वाधिक चर्चिला गेला. यस्जुदु (साष्टांग नमतो) यात ‘उ’ आहे. तेव्हा नियमाने ‘मस्जद’ व्हावयास हवे. मश्रिक (पूर्व) व मग्रिब (पश्चिम) यांतही असाच अनपेक्षित ‘इ’ आहे. अरबी व्याकरणकार सीबवैही (मृ. इ. स. 796 च्या सुमारास) याने तोड काढली ती अशी: मस्जिद हे वास्तूचे नाव आहे, नमन करताना कपाळ जिथे टेकते ती जागाच सांगायची असेल तर मस्जद म्हणावे. म्हणजे त्याच्या मते शब्द धातूपासून सुटून विशेष अर्थाला चिकटला, आणि स्वर हीच त्याची खूण.

आधुनिक अभ्यासकांचा कल शब्द उसना मानण्याकडे आहे. इजिप्तमधील एलिफंटाइन येथील इ. स. पू. पाचव्या शतकातील अरमाईक पपायरसांत आणि पुढे नबाती शिलालेखांत ‘म्-स्-ग्-द्’ हा शब्द आढळतो. नबातीत तो पूजेसाठी उभारलेल्या शिळेला उद्देशून येतो. अरबीत तयार शब्द आला आणि धातू ओळखीचा असल्याने साच्यात सामावला, असे मानल्यास अनियमित स्वराचा उलगडा अधिक सोपा होतो. सीबवैहीच्या निरीक्षणाला त्याने बाधही येत नाही.

‘मकान’ची अडचण निराळी. क्-व्-न् (असणे) यावरून ‘असण्याची जागा’ अशी त्याची व्युत्पत्ती देतात. तसे असेल तर ‘म’ साच्याचा ठरतो. परंतु अनेकवचन ‘अम्किना’ होते, आणि त्यात ‘म’ मूळ व्यंजनासारखा वागतो. भाषकांनी साचा विसरून म्-क्-न् असा नवा धातू कल्पिला असावा.

साधननामात आरंभी ‘मि’ येतो. त्याचे तीन साचे प्रमुख आहेत: मिब्रद (कानस), मिफ्ताह (किल्ली), मिक्नसा (झाडू). कोणत्या धातूला कोणता साचा, हे ऐकूनच शिकावे लागते. ‘मुन्खुल’ (चाळण) तिन्हींत बसत नाही, आणि सिक्कीन (सुरी) किंवा फअ्स (कुऱ्हाड) यांच्यामागे क्रियापदच नाही. नव्या यंत्रांसाठी आधुनिक अरबीने आणखी एक साचा वापरात आणला: गस्साला (धुण्याचे यंत्र), सल्लाजा (फ्रिज). मोटारीसाठी घेतलेला ‘सय्यारा’ कुराणात प्रवाशांच्या तांड्याला आलेला आहे.

व्यवसायनामात मधल्या व्यंजनाचे द्वित्व होऊन पुढे ‘आ’ येतो: खब्बाझ (पाववाला), हद्दाद (लोहार). मराठीतील हमाल, दलाल, सराफ ही मुळात हम्माल, दल्लाल, सर्राफ. द्वित्व गळाले आणि साचा झाकला गेला. अत्तारात ते टिकले. हाच साचा अतिशयही दाखवतो. कझ्झाब म्हणजे अट्टल खोटारडा, ते कोणाचे काम नव्हे. पारख सोपी आहे: व्यवसाय असेल तर बहुधा जोडीला ‘इ-आ’ स्वरांचे कलेचे नाव असते. नज्जार (सुतार) – निजारा, हज्जाम – हिजामा. हिजामा म्हणजे तुंबडी लावणे; त्याचेच फारसी रूप मराठीत ‘हजामत’ होऊन वस्तऱ्यापुरते उरले.

नज्जार अरबी घडणीचा दिसतो, परंतु तो अरमाईक ‘नग्गारा’ व अक्कादी ‘नगारु’ यांमार्फत सुमेरी ‘नगर’पर्यंत मागे नेला जातो. अशा शब्दांमुळे हा साचाच अरमाईकमधून आला, असेही मत मांडले गेले. मात्र अक्कादीत ‘दय्यानु’ (न्यायाधीश) सारखी रूपे असल्याने साचा सामायिक सेमिटिक आणि काही शब्द तेवढे उसने, हे अधिक संभवनीय वाटते.