चाई की नायटा?

डोक्यातला गोल चट्टा बहुतेकदा आधी न्हाव्याला दिसतो. "चाई लागलीय, केस खाणारा किडा असतो," असं तो सांगतो आणि घरी लसूण चोळणं सुरू होतं. पण चाईत किडा नसतो, जंतूही नसतो. शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी केसांच्या मुळांवर चालून जातात आणि केस गळतात. असं का होतं, ते पुरतं उलगडलेलं नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, आणि थायरॉइडचे विकार किंवा कोड असलेल्यांत चाई जास्त आढळते. लसणाने मात्र कातडी भाजते, एवढं नक्की.

बुरशी असते ती नायट्यात, आणि तो बहुधा लहान मुलांच्या डोक्यात होतो. बोट फिरवलं तरी फरक कळू शकतो. चाईची जागा गुळगुळीत लागते, ना कोंडा ना लाली. कडेला मुळाशी बारीक आणि टोकाशी जाड असे तुटके केस दिसतात, उद्गारचिन्हासारखे. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील तर संशय आणखी बळावतो. नायट्यात खवले सुटतात, खाज येते, केस तुटून काळे ठिपके उरतात, कधी मानेमागे गाठी येतात. शंका राहिली तर डॉक्टर खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात.

हा फरक पाहायचा तो उपचारासाठी. नायट्याला काही आठवडे पोटातून बुरशीविरोधी औषध लागतं, कारण मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही. त्यावर स्टेरॉइड लावलं तर बुरशी आणखी फोफावते. चाईत मात्र स्टेरॉइडच कामाला येतं.

समजा, तिशीतल्या माणसाला रुपयाएवढी एकच चाई आहे. डॉक्टर ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे स्टेरॉइड पातळ करून, डोक्यासाठी बहुधा मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात, बारीक सुईने कातडीत टोचतात. सुमारे सेंटिमीटरभर अंतरावर एकेक टोचा, प्रत्येकात जेमतेम ०.१ मिलिलिटर. एवढ्या चट्ट्याला चार-पाच टोचे पुरतात. पुढची खेप चार ते सहा आठवड्यांनी. लव दिसायला महिना-दोन महिने लागतात, म्हणून पहिल्या खेपेनंतर आरसा पाहून हिरमुसायचं कारण नाही. एकाच जागी औषध जास्त झालं तर तिथे खळगा पडतो, तो बहुधा काही महिन्यांत भरतो. सहा महिन्यांत काहीच उगवलं नाही, तर टोचत राहण्यात अर्थ नसतो.

अशी एखादी छोटी चाई वर्षभरात आपसूकही भरू शकते, त्यामुळे श्रेय इंजेक्शनचं की निसर्गाचं हे एकट्या रुग्णावरून सांगता येत नाही. आणि इंजेक्शनने जुना चट्टा भरला तरी नवा पडणं थांबत नाही. डोकं बरंच उघडं पडलं असेल तर टोचणं व्यवहार्य नसतं. अशा प्रौढांसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, पण ती बंद केली की केस पुन्हा गळू शकतात.

नवे केस बऱ्याचदा पांढरे येतात. म्हातारपण आलं म्हणून घाबरू नका, रंग सहसा मागाहून भरतो.